दिवाळी पहाट, गायिकेचे आजारपण आणि पन्नास हजारांचा विसार: एका रद्द झालेल्या सहभागाचे प्रकरण

कलाकाराने कबूल केलेला कार्यक्रम आजारपणामुळे रद्द करणे ही आपल्याकडे दर हंगामात घडणारी गोष्ट आहे, आणि तरीही ती बहुतेक वेळा एका फोनवर, अर्धवट बोलण्यावर आणि पुढे कधीतरी मिटवायच्या हिशोबावर सोडली जाते. येथे घेतलेले प्रकरण प्रातिनिधिक आहे. निरनिराळ्या कार्यक्रमांच्या बाबतीत जे घडते ते एका घटनाक्रमात गुंफले आहे, त्यामुळे गायिकेचे, मंडळाचे किंवा गावाचे नाव दिलेले नाही. कायद्याचे आणि निवाड्याचे जे उल्लेख आले आहेत, ते मात्र जसेच्या तसे आहेत.

ठरले काय होते

पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावचे नोंदणीकृत सांस्कृतिक मंडळ दरवर्षी नरक चतुर्दशीला दिवाळी पहाट करते. त्यासाठी नाट्यगीते आणि अभंग गाणाऱ्या पुण्याच्या एका गायिकेची तारीख श्रावण संपता संपता पक्की झाली. मानधन पूर्ण संचासह १,२०,००० रुपये ठरले. संचात हार्मोनियम, तबला, पखवाज आणि तालवाद्य असे चार साथीदार होते, तर निवेदक आणि ध्वनिव्यवस्था मंडळाची होती. तारीख ठरली त्या दिवशी कार्याध्यक्षांनी विसार म्हणून १०,००० रुपये रोख हातावर ठेवले आणि गणेशोत्सव आटोपल्यावर मंडळाच्या बँक खात्यातून आणखी ४०,००० रुपये गायिकेच्या खात्यावर आले. उरलेले ७०,००० रुपये कार्यक्रमानंतर लगेच द्यायचे होते.

लेखी कागद म्हणजे गायिकेचा नेहमीचा एकपानी छापील नमुना. त्यात तारीख, वेळ, मानधन, निवासाची व्यवस्था, माइकची संख्या आणि शेवटी एक ओळ होती: ‘आगाऊ रक्कम कोणत्याही परिस्थितीत परत केली जाणार नाही.’ कलाकाराच्या आजारपणाबद्दल त्या कागदावर एक शब्दही नव्हता. असे कागद दोन्ही बाजू वाचतात त्या मानधनाच्या आकड्यापुरते, आणि येथेही तसेच झाले.

गायिकेने मिळालेल्या पन्नास हजारांतून चार साथीदारांना प्रत्येकी ३,००० रुपये देऊन त्यांची ती तारीख अडवून ठेवली आणि गाडीसाठी २,००० रुपये भरले. म्हणजे आगाऊ रकमेपैकी १४,००० रुपये कार्यक्रमापूर्वीच तिच्या हातून गेलेले होते. पुढच्या वादात हा आकडा पुन्हा येणार आहे.

आजार आणि वाया गेलेले दोन दिवस

कोजागिरीच्या रात्री उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमात, आधीच सर्दी झालेली असताना, शेवटच्या भैरवीत वरच्या षड्जावर गायिकेचा आवाज एकाएकी तुटला. दुसऱ्या दिवशी आवाज पूर्ण बसलेला होता. गाणाऱ्या घरांत अशा वेळी जे होते तेच झाले: ज्येष्ठमध, वाफारा, हळदीचे दूध, आणि ‘दोन दिवसांत उघडेल’ हा दिलासा. तिसऱ्या दिवशी ताप आला म्हणून नेहमीच्या डॉक्टरांकडे जाणे झाले, आणि पाचव्या दिवशी संध्याकाळी कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीने स्वरयंत्र पाहिले. उजव्या स्वररज्जूत रक्तस्राव झालेला होता.

साध्या सर्दीने घसा बसणे आणि स्वररज्जूत रक्त उतरणे यांत फार मोठा फरक आहे, आणि आयोजकाला तो माहीत नसतो. घसा बसला असेल तर कलाकार पट्टी उतरवून, गाणी कमी करून, कधीकधी वेळ मारून नेऊ शकतो. रक्तस्राव झालेल्या रज्जूवर जोर दिला तर इजा वाढण्याचा, तेथे व्रण किंवा गाठ राहण्याचा आणि आवाज कायमचा बदलण्याचा धोका असतो. फरक ओळखायची एक ढोबळ खूण अशी की सर्दीचा घसा हळूहळू बसतो, तर हा आवाज गाताना, ओरडताना किंवा जोरात खोकताना एका क्षणात जातो. खात्री मात्र दुर्बिणीनेच होते. डॉक्टरांनी दोन आठवडे पूर्ण मौन सांगितले, कुजबुजणेसुद्धा बंद केले, आणि त्यानंतर पुन्हा तपासून पुढचे ठरवू असे सांगितले.

कोजागिरी ते नरक चतुर्दशी हे अंतर साधारण दोन आठवड्यांचेच असते. निदान झाले तेव्हा त्यातले पाच दिवस गेले होते आणि कार्यक्रमाला नऊ दिवस उरले होते. मौनाची मुदत कार्यक्रमाच्या पुढे जात होती, म्हणजे निर्णयाला जागाच नव्हती. तरीही घरात ‘तीन-चार दिवस बघू, सूज उतरली तर चार अभंग तरी होतील’ असे बोलणे झाले आणि मंडळाला कळवायला सातवा दिवस उजाडला. मधल्या दिवशी मंडळाने गायिकेच्या छायाचित्राचे मोठे फलक छापून चौकांत लावले. त्याचा खर्च ९,००० रुपये आला.

हे दोन दिवस या प्रकरणाच्या मुळाशी आहेत. आजारपणावर कोणाचा इलाज नव्हता; कळवण्यावर होता. आणि खरे तर पाचव्या दिवसाचीही वाट पाहायची गरज नव्हती. तिसऱ्या दिवशीच ‘आवाज बसला आहे, तज्ज्ञांना दाखवणार आहोत, निकाल कळेपर्यंत छपाई थांबवता आली तर पाहा’ एवढे कळवले असते, तर त्यात कार्यक्रम रद्द होत नव्हता आणि मंडळाचे फलकही वाचले असते. कलाकार असे कळवायला धजत नाहीत, कारण आवाज गेल्याची कुणकुण लागली की पुढच्या तारखा हलतात ही भीती असते. भीती खोटी नाही, पण तिची किंमत दुसऱ्याने मोजावी हे पटण्यासारखे नाही.

फोन कोणी करायचा

येथे एक विचित्र अडचण आली. जिने माफी मागायची तिलाच बोलायला बंदी होती. सातव्या दिवशी सकाळी फोन तिच्या यजमानांनी केला. मंडळाचे सचिव शांतपणे ऐकून घेत होते, आणि मग म्हणाले, “अहो, सगळं खरं, पण ताईंना जरा फोन द्या. दोन मिनिटं त्यांच्याशी बोलतो.” यजमानांनी सांगितले की त्या बोलू शकत नाहीत. पलीकडे क्षणभर शांतता पसरली आणि सचिवांचा सूर बदलला. “म्हणजे मुंबईची मोठी तारीख आली असं समजायचं का आम्ही?”

हा संशय उद्धटपणातून आलेला नाही. दिवाळीच्या चार दिवसांत चांगल्या गायकाला तीन-तीन ठिकाणांहून विचारणा असते, आणि आधी घेतलेली सुपारी सोडून जास्त पैशांच्या तारखेला जाण्यासाठी ‘प्रकृती’चे कारण सांगणारे लोक या क्षेत्रात आहेत, हे सचिवांनाही माहीत होते. म्हणून आजारपण सांगताना ते खरे आहे हे समोरच्याला आपणहून पडताळता येईल अशी सोय करून देणे कलाकाराच्याच हिताचे असते. गायिकेने दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे तासाभरात स्वतःच्या क्रमांकावरून, स्वतःच्या शब्दांत सचिवांना लेखी संदेश पाठवला आणि संध्याकाळपर्यंत सही केलेले पत्र पोहोचेल असे कळवले. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची होती: भाऊबीजेला नाशिकला तिचा आणखी एक कार्यक्रम ठरलेला होता, तोही तिने त्याच दिवशी रद्द केला आणि हे मंडळाला सांगितले. मौनाची मुदत तोवर संपत आली असती, त्यामुळे तो कार्यक्रम ‘बघू’ म्हणून ठेवण्याचा मोह होता. पण चतुर्दशीला न गाऊ शकणारी गायिका भाऊबीजेला नाशिकच्या मंचावर दिसली असती, तर तिचे कोणतेही प्रमाणपत्र त्या गावात कोणी खरे मानले नसते.

प्रमाणपत्राबद्दलही थोडी ओढाताण झाली. मंडळाने तपासणीचा पूर्ण अहवाल आणि दुर्बिणीची छायाचित्रे मागितली. गायिकेने डॉक्टरांच्या नावाच्या कागदावरचे, सही-शिक्क्याचे आणि तारखेचे साधे प्रमाणपत्र दिले. त्यात ‘स्वरयंत्राच्या इजेमुळे अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत गायनास व बोलण्यास असमर्थ’ एवढेच होते. छायाचित्रे दिली नाहीत, आणि तिचे बरोबर होते. मंडळाला आजाराची मुदत आणि गाण्यावरचा परिणाम कळणे पुरेसे आहे. गायिकेच्या स्वररज्जूचे चित्र मंडळाच्या समूहात फिरण्याने कोणाचेही भले होणार नव्हते.

पत्र

पत्राचा पहिला मसुदा यजमानांनी केला होता. त्यातले मुख्य वाक्य असे होते: ‘प्रकृती अचानक बिघडल्यामुळे कार्यक्रमास उपस्थित राहणे कदाचित शक्य होणार नाही, तरी आम्ही शक्यतो प्रयत्न करू, आगाऊ रकमेचा हिशोब आपण भेटीत पूर्ण करू.’ वाक्य सौजन्याचे दिसते, पण मंडळाच्या दृष्टीने ते नकारापेक्षा वाईट आहे. ‘कदाचित’ आणि ‘शक्यतो’ या दोन शब्दांमुळे मंडळाला दुसरा गायक ठरवता येत नाही, कारण गायिका आलीच तर दोन मानधने द्यावी लागतील. आणि नाही ठरवला तर पहाटे साडेपाचला रिकामा मंच उरतो. ‘हिशोब भेटीत करू’ याचा अर्थ तर प्रत्येक वाचणारा आपापल्या अनुभवाने लावणार. तो मसुदा बाजूला ठेवून गायिकेने पुढील पत्र लिहिले.

> प्रति,
> मा. अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य
>
> विषय: दिवाळी पहाट कार्यक्रमात आजारपणामुळे सहभागी होऊ शकत नसल्याबाबत आणि आगाऊ रक्कम परत केल्याबाबत.
>
> स. न. वि. वि.
>
> आपल्या मंडळाच्या नरक चतुर्दशीच्या दिवाळी पहाट कार्यक्रमात गायन करण्याचे मी मान्य केले होते. माझ्या स्वरयंत्राला इजा झाली असून डॉक्टरांनी मला दोन आठवडे पूर्ण मौन पाळण्यास सांगितले आहे. कार्यक्रमाचा दिवस या मुदतीत येत असल्याने मी कार्यक्रमात गाऊ शकणार नाही. हा निर्णय अंतिम आहे, तरी माझी वाट पाहून पर्यायी व्यवस्था लांबवू नये, ही विनंती. वैद्यकीय प्रमाणपत्र सोबत जोडले आहे.
>
> आपल्याकडून विसार म्हणून रोख १०,००० रुपये आणि नंतर बँकेद्वारे ४०,००० रुपये असे एकूण ५०,००० रुपये मला मिळाले होते. ही सर्व रक्कम आज मंडळाच्या त्याच बँक खात्यावर परत पाठवली आहे. व्यवहाराचा तपशील सोबत आहे. कृपया पोच द्यावी.
>
> निदान झाले त्याच दिवशी आपल्याला कळवायला हवे होते. त्यात दोन दिवसांचा उशीर झाला, आणि ऐन सणाच्या तोंडावर आपली मोठी अडचण झाली, याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे.
>
> माझ्या साथीदारांनी ही तारीख राखून ठेवलेली आहे आणि दुसऱ्या गायकाबरोबर साथ करण्याची त्यांची तयारी आहे. आपली इच्छा असल्यास काही गायकांची नावे सुचवीन. निवड आणि बोलणी सर्वस्वी आपली.
>
> आपली नम्र

या पत्रातील क्रम पाहण्यासारखा आहे. आधी नकार, मग पैसे, मग माफी, आणि शेवटी मदतीची तयारी. बहुतेक पत्रांत माफी आधी येते आणि दीड पान चालते, त्यामुळे वाचणाऱ्याला गायिका येणार की नाही हे शेवटच्या परिच्छेदात कळते. शिवाय येथे माफी एका नेमक्या गोष्टीची आहे. आजारी पडल्याबद्दल कोणी माफी मागत नसतो. उशिरा कळवल्याबद्दल मागतो. पैसे ‘परत करू’ नव्हे तर ‘परत केले’ असे लिहिता आल्यामुळे मंडळाच्या बैठकीत पत्र वाचले गेले तेव्हा अर्धा विषय आपोआप संपलेला होता.

पन्नास हजार की छत्तीस हजार

पत्र जाण्याआधी घरात खरी चर्चा झाली ती रकमेवर. हार्मोनियमवादक काका, जे तिच्याबरोबर कित्येक वर्षे साथ करत आले आहेत, त्यांचे म्हणणे असे की साथीदारांचे १२,००० आणि गाडीचे २,००० तर गेलेच आहेत, ते मंडळाच्याच कामासाठी गेले. मग ३६,००० परत करणे रास्त. यजमानांनी त्यापुढे जाऊन छापील नमुन्यातील शेवटच्या ओळीवर बोट ठेवले: आगाऊ रक्कम परत करायचीच नाही असे लिहिलेले आहे आणि खाली कार्याध्यक्षांची सही आहे.

याचे उत्तर भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये इतक्या थेट शब्दांत आहे की कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर हेच प्रकरण असावे असे वाटते. कलम ५६ सांगते की करार झाल्यानंतर ठरलेली कृती अशक्य झाली, तर ती अशक्य होते त्या वेळी करार शून्यवत होतो. त्याच्या उदाहरणांत आगाऊ पैसे घेऊन नाट्यगृहात सहा महिने काम करण्याचे कबूल केलेला नट येतो; तो आजारपणामुळे ज्या प्रसंगी काम करू शकत नाही, त्या प्रसंगांपुरता करार शून्यवत होतो. कलम ६५ त्यापुढचा प्रश्न सोडवते: अशा करारात ज्याला काही लाभ मिळाला असेल त्याने तो परत करावा किंवा त्याची भरपाई द्यावी. आणि त्याचे उदाहरण असे आहे की एक व्यक्ती दुसऱ्यासाठी १,००० रुपयांवर मैफलीत गाण्याचे कबूल करते, पैसे आगाऊ मिळतात, पण आजारपणामुळे ती गाऊ शकत नाही. तिने गायले असते तर दुसऱ्याला जो नफा झाला असता त्याची भरपाई करण्यास ती बांधील नाही. मात्र आगाऊ घेतलेले १,००० रुपये तिने परत केले पाहिजेत.

त्या उदाहरणात पूर्ण रक्कम परत करायची आहे, खर्च वजा जाता उरलेली नव्हे. इंग्लंडमध्ये १९४३ मध्ये झालेल्या कायद्याने न्यायालयाला असा अधिकार दिला की पैसे घेणाऱ्याने कराराच्या कामासाठी आधीच खर्च केला असेल, तर त्यापैकी योग्य वाटेल तेवढे त्याला ठेवू द्यावे. आपल्या करार कायद्यात तशी स्पष्ट तरतूद नाही. साथीदारांना दिलेले पैसे हा गायिकेने आपला संच उभा करण्यासाठी केलेला खर्च होता. मंडळाने तिच्याशी ठरवले होते ते गाणे, आणि ते मिळाले नाही. काकांचे म्हणणे व्यवहारात अनेकदा चालून जाते, तडजोडीने तसे ठरवायलाही हरकत नाही, पण मंडळाला न विचारता १४,००० कापून घेणे हा तिचा हक्क नव्हता.

‘परत केली जाणार नाही’ ही ओळ तर अशा प्रसंगासाठी लिहिलेलीच नसते. आयोजकाने ऐन वेळी कार्यक्रम रद्द केला आणि कलाकाराची अडवलेली तारीख फुकट गेली, तर निदान विसार तरी राहावा यासाठी ती असते. स्वतः न गाता त्याच ओळीचा आधार घेणे कायद्याच्या कसोटीवर टिकेल की नाही हा वादाचा विषय झाला असता. पण तेवढ्या वादाने त्या तालुक्यातल्या पुढच्या तारखा गेल्या असत्या. गायिकेने पाटीवर ‘पूर्ण ५०,०००’ एवढेच लिहून ती दोघांसमोर धरली. मौनाचे एक बरे असते, चर्चा लांबत नाही.

पैसे परत करण्यातही एक गाठ निघाली. कार्याध्यक्षांनी निरोप दिला की विसाराचे १०,००० त्यांनी स्वतःच्या खिशातून दिले होते, तेवढे त्यांच्या मोबाइल क्रमांकावर पाठवावेत. निरोप खरा असण्याची पूर्ण शक्यता होती. तरी गायिकेने सगळी रक्कम मंडळाच्या खात्यावरच पाठवली. करार मंडळाशी होता, मंडळाचे हिशोब तपासले जातात, आणि उद्या कार्यकारिणी बदलली तर ‘त्या दहा हजारांचे काय झाले’ हा प्रश्न गायिकेलाच विचारला गेला असता. कार्याध्यक्षांचे पैसे मंडळाने आपल्या पद्धतीने त्यांना द्यायचे. कार्याध्यक्ष दोन दिवस नाराज होते.

या प्रकरणात आगाऊ रकमेतून उगमी करकपात झालेली नव्हती, म्हणून ते सोपे गेले. कपात झाली असती तर कापलेला कर शेवटी कोणाच्या नावावर जमा राहतो हे आधी स्पष्ट करून घ्यावे लागले असते. मंडळाने आपले विवरणपत्र दुरुस्त केले तर हातात आलेली रक्कम परत करणे पुरते. कराची जमा कलाकाराच्याच नावावर राहणार असेल तर तेवढी रक्कमही त्याने परत करायला हवी.

फलकांचे नऊ हजार आणि प्रायोजकाचे पंचवीस हजार

पत्र आणि पैसे पोहोचल्यावर मंडळाची बैठक झाली आणि खजिनदारांनी दोन मागण्या पुढे ठेवल्या. पहिली, फलकांचा खर्च ९,००० रुपये. दुसरी, गायिकेच्या नावावर आलेल्या एका प्रायोजकाने ५०,००० ऐवजी आता २५,०००च देऊ केले होते, तो फरक.

दोन्ही मागण्या नुकसानीच्याच दिसतात, पण त्यांची जात वेगळी आहे. प्रायोजकाचा फरक हा गायिका गायली असती तर मंडळाला मिळाला असता असा फायदा आहे, आणि कलम ६५ च्या उदाहरणाने नेमकी हीच जबाबदारी आजारी गायिकेवरून काढून घेतली आहे. फलकांचा खर्च मात्र आजारपणामुळे झालेला नाही. निदान पाचव्या दिवशी संध्याकाळी झाले, फलक सहाव्या दिवशी छापले गेले; त्या रात्री एक संदेश गेला असता तर ते छापलेच गेले नसते.

हा भेद जुना आहे. इंग्लंडमधील रॉबिन्सन विरुद्ध डेव्हिसन या १८७१ च्या खटल्यात आराबेला गोडार्ड या त्या काळच्या नामवंत पियानोवादिका आजारी पडल्या आणि त्या येऊ शकत नाहीत हे पत्र आयोजकाला कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मिळाले. आयोजकाने कार्यक्रम न झाल्याच्या नुकसानीसाठी दावा केला. न्यायालयाने ठरवले की असा करार वादिकेच्या प्रकृतीवर अवलंबून असतो, त्यामुळे खऱ्या आजारपणात न येणे हा करारभंग नव्हे. पण तारेऐवजी पत्राने कळवल्यामुळे आयोजकाचा जो जास्तीचा खर्च झाला, तेवढी किरकोळ रक्कम त्याला मिळाली. आपल्याकडे हा निवाडा बंधनकारक नाही, पण त्यातली मोजणी फलकांच्या प्रश्नाला तंतोतंत लागू पडते.

गायिकेने ९,००० रुपये दिले, तेही आगाऊ रकमेत न मिसळता, स्वतंत्र व्यवहाराने आणि ‘उशिरा कळवल्यामुळे झालेल्या फलकांच्या खर्चापोटी’ असे लिहून. प्रायोजकाच्या फरकाला नम्रपणे नकार दिला. हे स्वतंत्र ठेवणे आवश्यक होते. एकरकमी ५९,००० पाठवले असते, तर त्यातून गायिकेने सगळ्या नुकसानीची जबाबदारी मान्य केली असा अर्थ निघून पंचवीस हजारांची मागणी पुन्हा उभी राहिली असती.

बदली गायक आणि साथीदार

गाणे ही व्यक्तीच्या कौशल्याशी बांधलेली गोष्ट आहे, आणि करार कायद्याचे कलम ४० अशा कामात स्वतःच काम करणे अपेक्षित धरते. त्यामुळे ‘मी नाही तर माझी शिष्या येईल’ असे परस्पर ठरवण्याचा गायिकेला हक्क नव्हता आणि तिने तसे केलेही नाही. मंडळाने मागितल्यावर तिने तीन नावे दिली. त्यांपैकी एका गायकाची ती पहाट मोकळी होती. मंडळाने त्यांच्याशी ४५,००० रुपयांवर स्वतंत्र बोलणी केली आणि चारही साथीदारांना प्रत्येकी ८,००० रुपये थेट देण्याचे ठरवले. निवड करताना गायकाच्या पट्टीचाही विचार करावा लागला. पुरुष गायकाची काळी एक असल्याने तबलजींना दुसरा तबला घ्यावा लागला आणि नाट्यगीतांची यादी जवळजवळ नव्याने करावी लागली. तालमीला पाच दिवस मिळाले ते केवळ पत्रात ‘हा निर्णय अंतिम आहे’ असे लिहिलेले होते म्हणून.

साथीदारांची तारीख अशी वाचल्यामुळे त्यांनी गायिकेकडून घेतलेले ३,००० रुपये आपणहून परत केले. म्हणजे घरातल्या चर्चेत कापून घ्यायला निघालेल्या चौदा हजारांपैकी बारा हजार शेवटी परत आलेच. गाडीचे २,००० गेले.

प्रेक्षकांसाठीचे निवेदन गायिकेनेच लिहून दिले: ‘स्वरयंत्राच्या इजेमुळे मी आज आपल्यासमोर येऊ शकले नाही. आपण सर्वांनी मला क्षमा करावी आणि आजच्या गायकांना मनापासून दाद द्यावी.’ सचिवांनी ते कार्यक्रमाच्या सुरुवातीला वाचले. त्याआधी तीन दिवस नवे नाव असलेले छोटे फलक जुन्यांवर चिकटवले होते, त्यामुळे पहाटे येऊन फसवणूक झाल्याची तक्रार कोणी केली नाही. सात-आठ जणांनी प्रवेशिका परत केल्या, एवढेच.

मंडळातील काहींनी मधल्या काळात सुचवले होते की पन्नास हजार गायिकेकडेच राहू द्यावेत आणि पुढच्या वर्षीच्या पहाटेत धरावेत. सूचना आपुलकीची होती, पण गायिकेने ती घेतली नाही. दोन आठवड्यांनी आवाज कसा उघडेल हे तेव्हा डॉक्टरांनाही सांगता येत नव्हते, आणि जे काम करता येईल याची खात्री नाही त्याचे पैसे वर्षभर जवळ ठेवणे तिला नको होते. मंडळाने ५०,००० आणि ९,००० रुपयांच्या दोन वेगळ्या पावत्या दिल्या आणि पहिल्या पावतीवर ‘सदर कार्यक्रमाबाबत उभयपक्षी कोणतेही देणे-घेणे शिल्लक नाही’ असे लिहून घेतले गेले.

फेरतपासणीत रक्त शोषले गेल्याचे दिसले, आणि आणखी काही आठवडे हलका रियाज करून गायिका माघात पुन्हा मंचावर आली. पुढच्या श्रावणात त्याच मंडळाने तिला तारीख विचारली तेव्हा छापील नमुन्यातली शेवटची ओळ खोडून तिच्या जागी हा मजकूर आला होता:

‘आयोजकाने कार्यक्रम रद्द केल्यास आगाऊ रक्कम परत केली जाणार नाही. कलाकारास आजारपणामुळे गाणे शक्य नसल्यास आगाऊ रक्कम सात दिवसांत पूर्ण परत केली जाईल. आजारपणाची शक्यता दिसताच कलाकार आयोजकास लेखी कळवील, आणि तसे न कळवल्यामुळे मधल्या काळात छपाईवर झालेला खर्च कलाकार देईल.’

सचिवांनी त्यात ‘छपाई’पुढे ‘व मंडप’ हे दोन शब्द घालून मागितले, आणि बरीच बोलणी होऊन ते घातले गेले नाहीत.